यादीतला सत्ताविसावा संगणक

यवतमाळच्या ज्या महाविद्यालयात मी भांडार लिपिक म्हणून लागले, तिथे दरवर्षी मार्चमध्ये वस्तूंची प्रत्यक्ष पडताळणी होई. एक प्राध्यापक, कार्यालयातल्या एक बाई आणि डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, उचललेली मी, असे तिघे खोलीखोलीतून फिरायचो. प्रत्येक संगणकावर आमच्या क्रमांकाची चिकटपट्टी असे. ती वाचायची, मागचा कंपनीचा अनुक्रमांक रजिस्टरशी जुळवायचा, वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही घ्यायची आणि पुढे जायचं.

माझं नोकरीचं तिसरं वर्ष होतं. संगणक प्रयोगशाळेचे सहायक त्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणार होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्या ताब्यात चाळीस संगणक होते. आम्ही मोजले तर एकोणचाळीस भरले. यादीतला सत्ताविसावा जागेवर नव्हता. टेबलावर त्याच्या आकाराची धूळ नसलेली जागासुद्धा उरलेली नव्हती, म्हणजे तो जाऊन बरेच दिवस झाले होते.

समितीचे प्राध्यापक मवाळ होते, पण म्हणाले की हा सापडेपर्यंत काकांना निवृत्तीसाठी लागणाऱ्या ना-देय प्रमाणपत्रावर भांडाराची सही होणार नाही. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शोधून सांगतो, एवढंच म्हणाले. अहवालात 'आढळला नाही' असं मीच लिहिलं.

दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले. ते डबा उघडून बसले होते, पण जेवत नव्हते. काहीच आठवत नाही का, असं मी विचारलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"आठवते ना, माय. दिग्रसच्या केंद्रात प्रवेशाच्या वक्ताले एक संगणक पायजे होता. तुवं फोन केला का 'काका, एक पाठवून द्या, हस्तांतरणाची चिठ्ठी मी उद्या करते.' म्या पाठोला."

तो फोन मला लख्ख आठवला. दिग्रसचं अभ्यासकेंद्र आमच्याच महाविद्यालयाचं होतं. मी रुजू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि तो 'उद्या' काही उजाडला नव्हता. मधल्या वर्षीच्या पडताळणीत मी प्रयोगशाळेची मोजणी घाईत उरकली होती, त्यामुळे तेव्हाही हे निघालं नाही.

"मग समितीसमोर का नाही सांगितलं?"

"तुही नोकरी अजून पक्की व्हायची हाय. चार लोकाइत तुहं नाव काहून घेऊ? म्हटलं, पहिले तुले इचारावं."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एसटीने दिग्रसला गेले. केंद्र सांभाळणाऱ्या बाईंनी तो संगणक दाखवला. पुसून पुसून चिकटपट्टीवरचा क्रमांक पार उडाला होता. मी यंत्र फिरवून मागचा अनुक्रमांक वाचला. तो जुळला. मला हायसं वाटलं, पण बाईंनी फाईल काढली. आपल्या यादीबाहेरचा एक संगणक जास्त आहे, असं त्यांनी गेल्याच वर्षी आम्हाला कळवलं होतं. त्या पत्राच्या केंद्रात ठेवलेल्या स्थळप्रतीवर पोच म्हणून माझीच सही होती.

परतताना बसमध्ये मी एक सोपा रस्ता काढला. हस्तांतरणाची चिठ्ठी जुन्या तारखेने करायची, काका सही करतील, विषय मिटेल. संध्याकाळी ती चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि परत केली.

"मागची तारीख नोको टाकू. त्या दिवशी म्या सही केलीच नाई, मंग त्या दिवसाची आज कशी करू?"

ते रागावले नव्हते. मी मात्र त्यांच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.

मग मी प्राचार्यांकडे गेले आणि फोनपासून पत्रापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला, तो माझ्या सेवापुस्तकाबरोबर राहील असं बजावलं, आणि समितीला पुरवणी अहवाल द्यायला सांगितलं. हस्तांतरणाची नोंद जुन्या नव्हे, तर केली त्याच दिवसाच्या तारखेने झाली. शेऱ्यात 'प्रत्यक्ष पूर्वीच पाठवला, नोंद राहून गेली' असं लिहिलं. दिग्रसच्या बाईंनी ताबा घेतल्याची सही केली आणि नवी चिकटपट्टी मी पुढच्या टपालाने पाठवली. काकांच्या ना-देय प्रमाणपत्रावर भांडाराची सही झाली.

त्या खुलाशामुळे माझं कायम होणं सहा महिने लांबलं. घरी सांगताना वाईट वाटलं, पण झोप लागली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी काकांनी सगळे संगणक चालू करून ठेवले होते. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना ते एकेका यंत्रापाशी घेऊन गेले. क्रमांक स्वतः वाचत, त्यांनाही वाचायला लावत. कोणत्या कळफलकाचं कोणतं बटण अडतं, तेही सांगत. मी रजिस्टर धरून मागे चालत होते. सह्या संपायला दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत कोणीही घाई केली नाही.