चौथ्या पत्राचं अक्षर

चेंबूरच्या आजींची आई रशियन होती. कोकणातल्या एका खलाशाबरोबर ती पूर्वेकडच्या एका रशियन बंदरातून पळून आली आणि मुंबईत संसार करून इथेच वारली. तिच्या वडिलांची, म्हणजे तिथल्या एका शाळामास्तरांची, चार पत्रं आजींकडे एक्स-रेच्या पाकिटात होती. आईनं त्यांना रशियन शिकवलं नव्हतं. नव्वदीला टेकल्यावर त्यांना एवढंच कळून घ्यायचं होतं, की आजोबांनी आईला खरंच माफ केलं का; आई तसं म्हणायची.

मी अंधेरीत औषधांची आणि यंत्रांची रशियन कागदपत्रं भाषांतर करतो. म्हटलं, चार पत्रं म्हणजे चार दिवस.

ती क्रांतीच्या आधीची, जुन्या लेखनातली होती. तेव्हा व्यंजनानं संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी एक मुकं चिन्ह लिहीत. 'ए'साठी दोन अक्षरं होती, एक साधं आणि एक 'यात' नावाचं, ѣ. उच्चारात फरक नाही. आपल्याकडे श आणि ष असतात तसे. कुठल्या शब्दात कुठलं, हे पोरं शाळेत मार खाऊन पाठ करायची. आज आपण शेवटचं मुकं चिन्ह गाळतो, यातच्या जागी साधा ए घालतो, जुने प्रत्यय बदलतो, आणि मजकूर आजच्या रशियनसारखा होतो.

मुलुंडच्या सरांनी मला रशियन शिकवलं. त्यांची शिस्त होती: आधी जसंच्या तसं, चुकांसकट उतरून घ्यायचं, मग दुसऱ्या कागदावर नवं लेखन, मग भाषांतर. मी पहिला कागद गाळला. माझ्या कीबोर्डवर ती अक्षरं नव्हती, म्हणून वाचता वाचता थेट नव्या लेखनात टाइप करत गेलो. वेळ वाचला.

पहिल्या तीन पत्रांत संताप होता. चौथ्यात लिहिलं होतं, 'तुझा बाप तुला आशीर्वाद देतो.' ते मराठीत वाचून दाखवलं तेव्हा आजी उठल्या आणि आईच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. "ऐकलंस गं? बाबा काय म्हणतायत बघ." मग मला म्हणाल्या, "अरे, जेवून जा. आज उपाशी सोडायची नाही मी तुला."

कौतुक करून घ्यायला मी पत्रांचे फोटो सरांना दाखवायला नेले. त्यांनी भिंग लावून चौथं पत्र वाचलं.

"हे कोणी लिहिलं रे?"

"त्याच मास्तरांनी, सर."

"'बाप' या रशियन शब्दात साधा ए असतो. मास्तर तिथे 'यात' घालून लिहील? शेत षटकोनातल्या ष-नं लिहिल्यासारखं झालं हे! आणि एक नाही, ओळीओळीला आहे. तू उतरून घेतलंस ना?"

मी नव्या लेखनातला टाइप केलेला कागद पुढे केला.

"वाट लावलीस. नवं केलंस की बरोबर यात आणि चुकलेला यात, दोन्हींचा एकच ए होतो. पुरावा पुसून टाकलास आणि मग भाषांतर केलंस."

आधीच्या पत्रांच्या तळाशी आजींच्या आईच्या धाकट्या, शाळकरी बहिणीनं दोन-दोन ओळी खुशाली लिहिली होती. सरांनी बोट ठेवून दाखवलं. यात तसेच चुकलेले, आणि अक्षरांची वळणं तीच, फक्त चौथ्या पत्रात जपून, वडिलांसारखी काढलेली. माफी तिनं बनवली होती.

बायको म्हणाली, "सांगू नकोस. कोणाचं काय जातंय?" मी आठवडाभर झोपलो नाही. मग गेलो आणि सांगितलं. चूक माझी, मी घाई केली, असं चार वेळा म्हणालो.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आईला कळलं असेल?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "मास्तरांची मुलगी होती, आजी. धाकटीच्या चुका तिच्या ओळखीच्या. पहिल्या ओळीतच कळलं असणार."

त्यांनी मान वळवून फोटोकडे पाहिलं. "म्हणजे तिला ठाऊक होतं. आणि कुणी विचारलं की म्हणायची, बाबांनी माफ केलं मला. जन्मभर एकटीनं सांभाळलंन ते. मला तरी सांगायचं होतं."

मी पुन्हा माफी मागू लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"तुझं मन हलकं झालं ना? जा आता."

मी माझं मराठी भाषांतर पिशवीत घालू लागलो. "ते ठेव," त्या म्हणाल्या. "मावशीचं पत्र आहे ते."

दार लावून घेताना दिसलं, त्या पलंगावर फोटोकडे पाठ करून बसल्या होत्या. मी परत आत गेलो नाही.