नुसतं 'बंद'

कारखान्याच्या देखभाल विभागात तिच्या माघारी तिला सगळे 'क्रियापदबाई' म्हणत. अर्धवट ईमेल तिच्या तावडीतून सुटत नसे.

नव्या इंजिनिअरला मात्र तिचा नियम कळेना. 'मिळालं. धन्यवाद.' यावर ती काही बोलली नाही. 'मीटिंग किती वाजता?' या तिच्या प्रश्नाला त्याने 'दहाला.' एवढंच कळवलं, तेही चाललं. मग मंगळवारी सकाळी त्याने बॉयलरच्या फिटरना लिहिलं: 'दोन नंबरचा पंप बंद. दुरुस्ती आजच.' त्याची प्रत तिला आली. तिने आधी बॉयलरवर फोन लावला, "पंपाला कुणी हात लावू नका!" आणि तडक त्याच्या टेबलाशी गेली.

"बंद आहे, की बंद करा?"

तो हसला. "अहो मॅडम, दोन ओळींच्या ईमेलला कसलं आलंय व्याकरण?"

"'दहाला' चालतं, कारण उरलेलं वाक्य माझ्या प्रश्नात असतं. इथे ते फक्त तुमच्या डोक्यात आहे."

"बंद करा, असं म्हणायचं होतं," तो चाचरत म्हणाला. पंप चालूच होता.

नऊ वर्षांपूर्वी तिनेच लिहिलं होतं, 'तीन नंबरचा व्हॉल्व्ह बंद.' तिच्या मनात 'करा' होतं. तेव्हाच्या एका फिटरने 'आहे' वाचलं, आणि व्हॉल्व्ह खरंच बंद करून त्याला कुलूप लावलंय का ते न बघता पाइपाचा जोड सैल केला. वाफेने त्याचा एक डोळा गेला, नोकरीही गेली. चौकशीत सगळा ठपका त्याच्यावर आला. ईमेलबद्दल कुणी विचारलं नाही, तिनेही तोंड उघडलं नाही. तेव्हापासून बसचं दार फुस्स करून उघडलं, तरी ती दचकून मागे सरायची.

त्या मंगळवारी संध्याकाळी ती पहिल्यांदाच त्या फिटरच्या घरी गेली. त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. ग्लास हातात धरूनच तिने सगळं सांगून टाकलं.

 फिटर म्हणाला, "दोनदा वाचला होता मी तो ईमेल. म्हटलं, बाईंनी लिहिलंय म्हणजे झालंच असणार."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" बायकोने तिच्याकडे वळून विचारलं. आवाज चढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरना लिहिलं: 'नऊ वर्षांपूर्वीच्या अपघाताआधी "तीन नंबरचा व्हॉल्व्ह बंद" हा ईमेल मी लिहिला होता. मला "बंद करा" असं म्हणायचं होतं. फिटरने तो "बंद आहे" असा वाचला. चूक त्याच्या एकट्याची नव्हती. त्या चौकशीचा अहवाल बदलावा, अशी माझी विनंती आहे.'

दुपारी उत्तर आलं. 'नोंद घेतली.'

कुणी घेतली आणि कशाची, ते लिहिलेलं नव्हतं. पण कळत होतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. अहवाल बदलणार का, एवढं मात्र त्यातून कळत नव्हतं. ऑफिस रिकामं होईपर्यंत ती त्या दोन शब्दांसमोर बसून राहिली.