अकरा पॉइंटचं कोटेशन

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं, नाहीतर माझं पोट फुटेल. आमच्या घरी एका शब्दावरून जो गोंधळ झाला ना, तो शब्द म्हणजे "पॉइंट".

आधी कारण सांगते. ताई बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. आमचा रत्नागिरीतला फ्लॅट दोन बेडरूमचा, आणि वायरिंग बिल्डिंग बांधली तेव्हाचंच. गिझर चालू असताना कुणी मिक्सर लावला की घर अंधारात. आणि फ्रीज! फ्रीजच्या दाराला हात लावला की चिणचिण व्हायचं. आई त्याच्यासमोर लाकडी पाट ठेवून, त्यावर उभी राहून दार उघडायची. आम्हाला इतकी सवय झालेली की पाहुण्यांना पण सांगायचो, "पाटावर उभे राहून घ्या हं पाणी."

पण आता ताई येणार म्हटल्यावर आई म्हणाली, "सातवा महिना लागलाय तिला. रात्री तहान लागली आणि पाट विसरली तर? आधी वायरिंग बदला, मगच मी तिला इथे आणते."

बाबा म्हणाले, "काही होत नाही गो. मला कुठे लागतो शॉक?"

मी वायरमन काकांना फोन लावला. मागे शेजारच्या बिल्डिंगमध्ये त्यांनी चांगलं काम केलं होतं. ते म्हणाले, "बाय माझे, मी हातखंब्याला हॉटेलच्या कामावर आहे. चार दिवस यायला जमायचं नाही. तू ईमेल कर काय काय हवं ते. मी कोटेशन पाठवतो."

ईमेल! माझा हातखंडा! मी आधी तासभर शोधाशोध केली. कोटेशनमध्ये काय काय मागायचं, एमसीबी आणि आरसीसीबीत फरक काय, वायरची जाडी कशात मोजतात. इतकं मनोरंजक असतं हे, मला माहीतच नव्हतं! दिव्याला पातळ वायर चालते, गिझरला जाड लागते, आणि एसीला थेट बॉक्सपासून स्वतःची वेगळी वायर. मी घरभर फिरून प्रत्येक बटण दाबून बघत होते. एक बटण तर असं निघालं, जे कशाचंच नाही. अजूनही कळलेलं नाही.

मग लिहिलं:

"नमस्कार काका, आमच्या फ्लॅटचं पूर्ण वायरिंग बदलायचं आहे. कृपया खालील अकरा पॉइंटचं सविस्तर कोटेशन पाठवावं."

आणि खाली नंबर टाकून एकेक. सगळी जुनी वायर काढून नवी. दिवे-पंखे खोलीप्रमाणे वेगळे दाखवा. गिझर, एसी, मायक्रोवेव्हचे पॉवर प्लग वेगळे. लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या बटणांचा, म्हणजे नवीन एमसीबी बॉक्स. शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी. प्रत्येक प्लगला अर्थिंग. वायर कुठल्या कंपनीची, किती जाड. सामान आणि मजुरी वेगवेगळी. भिंत फोडलीत तर बुजवणार कोण. किती दिवस लागतील. आणि शेवटी सगळं तपासून देणार का.

पाठवलं. छाती फुगवून सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "वा! मुद्देसूद."

संध्याकाळी उत्तर आलं. एकच ओळ. "११ पॉइंट, सामानासकट," आणि पुढे एक आकडा. इतका लहान आकडा की बाबांनी चष्मा पुसून परत वाचला.

"एवढ्यात? हो म्हण त्याला, लगेच म्हण!"

आई म्हणाली, "एवढ्यात तो आपल्या भिंतीला टिचकी तरी मारेल का?"

मला पण वाटलं, मी सविस्तर मागितलं होतं, हे एका ओळीत कसं? पण बाबा इतके खूश होते! मी "चालेल काका, कधी येताय?" असं पाठवून मोकळी झाले.

चार दिवसांनी काका आले. खांद्यावर वायरची दोन बंडलं. हॉलमध्ये उभे राहून वर बघितलं, आत डोकावले, आणि म्हणाले, "हां, सांगा. कुठले अकरा?"

"कुठले म्हणजे? लिहिलेत ना काका."

"अगो, अकरा पॉइंट लिहिलंस. हॉलमधले की बेडरूममधले?"

मी मोबाइल काढून दाखवला. ते वाचत खाली खाली गेले आणि एकदम हसायलाच लागले. "हे पॉइंट होय! मी शिडीवर होतो, वरच्या दोन ओळी वाचल्या. आमच्यात पॉइंट म्हणजे एक दिवा नि त्याचं बटण, बटणापासून दिव्यापर्यंतच्या वायरीसकट. पंखा एक पॉइंट, प्लग एक पॉइंट. मी म्हटलं, एवढा फ्लॅट नि अकराच? असतील बाबा काटकसरी."

"आहेतच," आई म्हणाली.

मग मी आणि काका खोल्याखोल्यांतून मोजत फिरलो. चाळीसच्या वर गेलं, तरी बाल्कनी राहिलेली. बाबांचा चेहरा उतरत चाललेला. शेवटी ते म्हणाले, "असं करा, अकराच करा. बाकीचं पुढच्या वर्षी बघू. हिची आई उगीच घाबरते. मला तर फ्रीजचा कधी शॉक लागला नाही."

आईने बाबांच्या पायांकडे बघितलं. बाबांची टाच दुखते म्हणून ते घरात चोवीस तास रबरी चपला घालतात.

"काढा बघू चपला. नि उघडा दार."

"ओ वहिनी, नको नको!" काका मध्येच धावले. "हाताने नको. थांबा."

त्यांनी खिशातून टेस्टर काढून फ्रीजच्या दाराच्या स्क्रूला टेकवला. आतला बारीक दिवा लाल पेटला. बाबा वाकून बघतच राहिले. मी पण! मग काकांनी मेन बंद करून फ्रीजचा सॉकेट उघडला. सॉकेटला तीन भोकं असतात ना? वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती. अर्थिंगची वायर खालून मेन बॉक्सपर्यंत येऊन थांबलेली, पुढे कुणी नेलीच नव्हती.

"दादा, थोडा करंट फ्रीजच्या अंगावर येत असतो. तो अर्थिंगमधून निघून जायचा. तुमच्याकडे त्याला वाटच नाही. मग तो वहिनींच्या हातातून जातो."

काकांनी तात्पुरती एक हिरवी वायर मेन बॉक्सपासून भिंतीवरून फ्रीजपर्यंत नेली. टेस्टर परत टेकवला, दिवा पेटला नाही. तरी आई पाटावरच उभी राहिली. म्हणाली, "पूर्ण काम होऊ दे, मग बघू."

रात्री मी दुसरा ईमेल लिहिला. यावेळी "मुद्दे" वेगळे आणि "पॉइंट" वेगळे, खोलीवार मोजून. काकांनी पण यावेळी ओळ न् ओळ उत्तर दिलं. आकडा अर्थातच मोठा. बाबांनी मोबाइल हातात घेऊन सगळं सावकाश वाचलं. मला वाटलं, झालं, आता नाही म्हणणार.

"एसीची ओळ काढ," ते म्हणाले. "पंखा आहे तो पुरे. अर्थिंग मात्र सगळ्या प्लगना. आणि त्याला विचार, पोरगी यायच्या आत होईल ना?"

काकांचं उत्तर लगेच आलं: "होईल. सोमवारपासून लागतो."

आईने तिथल्या तिथे ताईला फोन लावला, "काम झालं की ये गो आता."

तुमच्याकडे पण झालंय का असं, की तुम्ही एक लिहिलंत, समोरच्याने भलतंच वाचलं, आणि दोघंही बरोबरच होतात? सांगा ना, मला ऐकायचंय!