दोन खजूर आणि मूठभर मनुका

माझं तोंड तिखट आहे. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही आहे. सासऱ्यांना मी मामा म्हणते, आणि ते मला कधी कधी ‘हवालदार’ म्हणायचे. पुढं म्हणायचे बंद झाले, त्याचीच ही गोष्ट.

मामा वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्याच मशीनवर त्यांचे दोस्त होते, आमच्याच गल्लीच्या मागं राहणारे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. रमजानात दुसरी पाळी असली की सूर्य मावळताना चाचा डबा उघडायचे, एक खजूर स्वतः खायचे आणि दोन मामांच्या हातावर ठेवायचे. ‘रोजा तुझा, अन् दोन त्याला कशाचे?’ असं कुणी विचारलं तर चाचा म्हणायचे, ह्यानं दिवसभर माझ्यासमोर चहा पिला नाही, म्हणून. मामा खरंच प्यायचे नाहीत. वीस-बावीस वर्षं हे चाललं. निवृत्तीनंतर मामा रोज संध्याकाळी चाचांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. रमजान आला की महिनाभर तेच, दोन खजूर.

मागच्या रमजानच्या आधी मामांची शुगर वाढली. डॉक्टरांनी कागद दिला, त्यावर लिहिलेलं, गोड बंद, दिवसातून एक फळ चालेल. झालं, मी तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि राज्य सुरू केलं.

रमजान लागल्यावर तिसऱ्याच दिवशी मामा हात पुसत घरी आले आणि मला कळलं. विचारलं तर म्हणाले, "फळच हाय की ते. झाडाला लागतंय, आत बी हाय. डॉक्टरनं एक फळ सांगितलंय, मी आज पेरू खाल्ला नाय."

मी म्हटलं, फळ म्हणजे पेरू, पपई, सफरचंद. खजूर किराणा दुकानात काजू-बदामाशेजारी ठेवतात, फळांच्या गाड्यावर नाही. एवढा चिकट, गुळासारखा गोड, ते कसलं फळ? मामा पुन्हा बी-बी करू लागले. माझं डोकं फिरलं. चप्पल पायात सरकवली आणि सरळ चाचांच्या घरी गेले.

चाचा ओट्यावरच होते. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "चाचा, त्यांना खजूर देऊ नका. विष आहे ते त्यांना. दोस्ती असेल तर दाखवायची ही रीत नाही."

चाचांनी मान हलवली. एवढंच म्हणाले, "ठीक है बेटा. तू बरोबर सांगतेस." चाची दारात उभ्या होत्या. घरी आले तेव्हा आपण फार मोठं काम केलं असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मामा जायचे बंद झाले. मी जा म्हटलं, नुसतं बसून या. ते म्हणाले, तो खाणार आणि मी तोंडाकडं बघत बसणार, त्याला घास कसा उतरेल? मग संध्याकाळी ते टीव्हीसमोर बसू लागले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. म्हणून मी खजुराच्या बदल्यात त्यांना रोज सकाळी मूठभर काळ्या मनुका भिजवून देऊ लागले. मनुका म्हणजे जवळपास औषधच, असं आमच्याकडं सगळेच मानतात. भिजवलेलं पाणीसुद्धा प्यायला लावायची. वर दोन सुकी अंजिरं. मामा मुकाट्यानं खायचे.

पावसाळ्यात चाचा गेले. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं. मामा दफनाला गेले, मूठभर माती टाकून आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. अगं बाई, माझ्या मनात तेव्हाही आलं नाही की मी त्या दोघांचा शेवटचा रमजान खाल्ला.

दिवाळीनंतर तपासणी झाली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती शुगर खाली यायची सोडून वर गेली होती. मी तर चक्रावलेच. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईकडं पाठवलं, आणि मामा जे काही खातात ते डब्यांत भरून आणा म्हणून सांगितलं. मी हौसेनं सगळं नेलं, आणि माझं कसं बरोबर होतं हे सांगायला वाण्याकडून दोन खजूरही घेतले.

ती पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. टेबलावर छोटा काटा होता. मला म्हणाली, रोज देता तेवढ्या मनुका घाला. मी घातल्या, चाळीस ग्रॅम भरल्या. मग दोन खजूर ठेवले, बिया काढून. पंधरा ग्रॅम.

मी आधी तेच विचारलं, खजूर फळ आहे का? ती म्हणाली, फळच आहे, अगदी शंभर टक्के. झाडावरच बरंचसं वाळतं, पाणी निघून जातं, साखर मागं राहते. द्राक्षाची मनुका होते तेव्हाही तेच होतं. वजनाला वजन लावलं तर खजूर आणि मनुका जवळजवळ सारखेच, शंभर ग्रॅमला साठ-पासष्ट ग्रॅम साखर. जर्दाळू आणि सुकं अंजीर थोडं कमी, खारीक जास्तच वाळलेली म्हणून तिची थोडी जास्त. भिजवून साखर कमी होत नाही, पाण्यात उतरली तर ते पाणी हे पितातच.

मग तिनं काट्याकडं बोट दाखवलं. "खजूर हे मोजून खात होते आणि मनुका तुम्ही मुठीनं देता. या मुठीत पाच-सहा चमचे साखर आहे. त्या दोन खजुरांत दोन-अडीच. आणि वर अंजिरं."

मामा खाली बघत होते. ती पुढं म्हणाली, असे लहान दोन खजूर त्या दिवशीचं फळ म्हणून धरले, दुसरं फळ खाल्लं नाही, तर चालतील. मोठा जाड खजूर असेल तर एकच.

म्हणजे मामांनी ओट्यावरून येऊन जे सांगितलं होतं तेच. पेरू खाल्ला नाही म्हणून.

रिक्षात मी कशीबशी म्हणाले, मामा, माझं चुकलं. ते बाहेर बघत होते. क्रांती चौक गेल्यावर म्हणाले, "दोन चालतील म्हणली ना ती?"

"हो मामा."

"आता कुणासंगं खाऊ?"

यंदा रमजान लागला तेव्हा मी खजुराचा डबा घेऊन चाचींकडं गेले. माफी मागायची होती. सगळं सांगितलं, काटा, मूठ, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, तू त्यांच्या भल्यासाठीच बोललीस, राग कुणालाच नव्हता. मग म्हणाल्या, "तू येऊन गेलीस ना, त्या दिवसापासून ह्यांनी खजूर हातात घेतला नाही. पूरा महिना पाण्यावर रोजा सोडला. मी समोर ठेवायची, हे बाजूला सरकवायचे. म्हणायचे, त्याला मना आहे तर मी कसा खाऊ?"

रडू आवरेना. डबा तिथंच ठेवून निघाले.

आता मी रोज संध्याकाळी मामांपुढं वाटीत दोन खजूर ठेवते. लहान, मोजून. ते वाटीकडं बघतात, बातम्या बघतात आणि वाटी तशीच ठेवून उठतात. चाचींचं बोलणं त्यांना सांगायला हवं, हे मला कळतं. दोस्तानंही खाल्ले नव्हते, हे त्यांना कळायला हवं. पण कुणामुळं, तेही मग सांगावं लागेल, आणि एवढी तोंडाची तिखट मी, मला ते एक वाक्य अजून बोलता आलेलं नाही.