ऑल्ट आणि चार

शेहेचाळिसाव्या वर्षी मी परत नोकरीला लागले, मल्हारगंजातल्या एका छोट्या ऑफिसात. आम्ही कारखानदारांसाठी स्लाइड्स बनवायचो. तीन महिने ट्रायल. जमलं तर ठीक, नाहीतर जय रामजी की. माझा वेग गोगलगायीचा. सर दोनदा घड्याळ बघून गेले. मला ती नोकरी हवीच होती.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दया आली. "ताई, माउस सोडा." स्क्रीनवर अगदी वर छोट्या बटणांची क्विक ॲक्सेस पट्टी असते, तिच्यातून तिनं सेव्ह, अनडू हाकलून दिले. "कंट्रोल एस, कंट्रोल झेड आहे ना? मग जागा कशाला अडवायची?" तिथं माझी रोजची बटणं बसवली. ऑल्ट दाबून एक, की चौकोन डावीकडे, दोन, वरून एका रेषेत, तीन, मधोमध, चार, सगळ्यांत सारखं अंतर. मी पोळ्या लाटतानाही घोकायचे. नवरा म्हणाला, "वेड लागलंय का तुला?" लागलंच होतं.

ट्रायलचा शेवटचा आठवडा. पार्टीचे, म्हणजे ज्या कारखान्याचं काम होतं तिथले, मोठे साहेब तीनला येणार होते. त्यांचा मॅनेजर पावणेतीनलाच येऊन बसला. फाइल बघून म्हणाला, सहा स्लाइड्सवर दोन-दोन चौकोन वाढवा. नेमका माझा लॅपटॉप अपडेटला बसलेला! सरांनी स्वतःचा पुढे सरकवला, मोठ्या पडद्याला जोडलेला. "जल्दी, मॅडम."

कंट्रोल डी, कंट्रोल डी, दोन चौकोन तयार. सगळी ओळ निवडली आणि ऑल्ट, चार. पडद्यावर धाडकन पहिल्यापासून स्लाइड शो सुरू! मॅनेजर हसला. सरांचा चेहरा बघवेना.

एस्केप दाबलं आणि डोक्यात लख्ख झालं. नंबर बटणाचा नसतो, जागेचा असतो, आणि सरांच्या पट्टीत चौथ्या जागी स्लाइड शो होता. आता मेनूत शिरून दरवेळी माउसनं शोधत बसले तर तीन वाजणार. मी मेनूतल्या 'वरून एका रेषेत'वर राइट क्लिक करून ते पट्टीत टाकलं.

"मॅडम, ये क्या सेटिंग लेके बैठ गए?"

"सर, एक मिनिट गप्प बसा हो!"

बाप रे, बोलून गेले. गेली नोकरी, असंच वाटलं. पण हात थांबले नाहीत. 'सारखं अंतर'ही टाकलं. दोन्ही पट्टीच्या शेवटी जाऊन बसली, पाच आणि सहा. मग काय, डी, डी, ओळ निवड, पाच, सहा, पुढची स्लाइड. तीनला दोन मिनिटं कमी असताना मी कंट्रोल एस दाबलं.

मीटिंग संपल्यावर सर माझ्या टेबलाशी आले. मी माफी मागणार, तेवढ्यात म्हणाले, "हे सगळ्यांच्या मशीनवर टाकून द्या. आज नको. पुढच्या महिन्यात, सावकाश."

"पुढच्या महिन्यात मी...?"

"मग कुठं जाताय?"

मी सगळ्यांसमोर रडले. अगदी हुंदके देऊन.