फटकळ म्हणजे नेमकं काय केलं

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी कसालजवळच्या एका काजू कारखान्यात काही आठवडे होते. घरची काजूची बाग असल्यामुळे काजू मला नवीन नव्हता. ऑफिस मात्र नवीन होतं. आमच्या घरातलं त्याआधी कुणी टेबलाच्या त्या बाजूला बसलेलं नव्हतं, त्यामुळे खुर्ची ओढून बसायचं की आधी विचारायचं, इथपासून माझी अडचण होती.

कर्मचाऱ्यांचं काम बघणाऱ्या मॅडमनी मला वार्षिक मूल्यमापनाचे कागद दिले. सुपरवायझर काकांनी प्रत्येकाबद्दल दोन-तीन ओळी हाताने लिहिल्या होत्या. त्यातले मोघम शब्द, आणि माणूस बाई आहे की पुरुष यावरून आलेले शब्द शोधायचे, खाली रेघ मारायची आणि वाक्य पुन्हा लिहायचं. त्या वर्षी पाळीप्रमुखाची एक जागा भरायची होती. शेट कुडाळला बसत, कारखान्यात क्वचित येत. ते हे कागद वाचूनच ठरवणार होते.

नावं दोघांचीच पुढे होती. एक प्रतवारी विभागातल्या, सगळे ज्यांना वयनी म्हणजे वहिनी म्हणत त्या, दुसरा बॉयलरवरचा एक दादा. वयनींबद्दल लिहिलं होतं: ‘कामात चोख. फटकळ. सगळ्यांना आईसारखी सांभाळते. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे पूर्ण वेळ देऊ शकेल असे वाटत नाही.’ दादाबद्दल: ‘ठाम. नेतृत्वगुण आहेत. होतकरू.’

‘फटकळ’खाली मी लगेच रेघ मारली आणि लिहिलं, ‘सहकाऱ्यांशी बोलताना आवाज चढवते.’ स्वभाव काढून वागणं घातलं, असं मला वाटलं. मॅडमनी वाचलं.

“तू ऐकलंस आवाज चढवताना?”

“नाही.”

“मग हे कुठून आलं? फटकळ हे निदान काकांचं मत होतं. तू त्याचं पुरावा असल्यासारखं वाक्य केलंस. आता शेट काय समजतील?”

मी गोंधळले. मग तो शब्द तसाच ठेवायचा का? मॅडम म्हणाल्या, ठेवायचा नाही, आणि मनाने भरायचाही नाही. ज्याने लिहिलं त्याला विचारायचं, कधी, कुठे, काय केलं आणि त्यामुळे काय झालं. सांगता आलं तर लिहायचं, नाही तर शब्द गाळायचा. “आणि दुसऱ्याच्या कागदावर तेच वाक्य ठेवून बघ. विचित्र वाटतं का ते बघ.”

‘आईसारखी’खाली मी रेघ मारली नव्हती. ती मॅडमनी मारली. चांगलं लिहिलेलं का खोडायचं, हे मला विचारायचं होतं, पण विचारलं नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकात माझ्यासाठी दरवर्षी ‘शांत, नम्र’ असं असायचं, आणि वडील ते पाहुण्यांना दाखवायचे. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं, की त्यातून मी वर्षभर काय केलं ते काहीच कळत नव्हतं.

काका खळ्यावर बिया वाळत घातल्या होत्या तिथे उभे होते.

“काका, वयनी फटकळ म्हणजे काय केल्यानी?”

“फटकळ म्हणजे फटकळ. आता ह्या पण कॉलेजात शिकवतत?”

“एखादी गोष्ट सांगा ना. घडलेली.”

“त्या दिवशी पॅकिंगवाल्यान अख्ख्या गराच्या डब्यांत पाकळी भरलेली. हिना डबे अडवल्यान. सगळ्यांसमोर सांगल्यान, ह्यो माल जावचो नाय. तो झील तोंड पाडून बसलो.”

पाकळी म्हणजे दुभंगलेला, कमी भावाचा गर. “मग माल गेला?”

“जातलो कसो? परत निवडलो.”

“आणि दादा ठाम म्हणजे?”

“तेना एकदा बॉयलर बंद केल्यान. दाबाचो काटो चढलेलो. माकाच वरडलो, काका, मागे सरा.”

“मग तो फटकळ नाय?”

काका हसले. “बापयाक कोण फटकळ म्हणता गो?” मग हसू थोडं कमी झालं. वाळणाऱ्या बियांकडे बघत म्हणाले, “माझ्यारही वरडलो तो. ता खरा.”

मी घरच्या जबाबदाऱ्यांचं विचारलं. तिचो झील, म्हणजे मुलगा, बारको आसा, म्हणाले. पण तिने कामाला कधी नाही म्हटलं? हंगामात एकदा जादा पाळीला थांबली नाही, शेवटची एसटी होती. दादा कधी नाही म्हणाला? तो दशावतारात काम करतो, खेळ असला की लवकर जातो. यंदा दोन-तीनदा गेला.

“ता वेगळा,” काका म्हणाले.

“कसा वेगळा?”

“तुझ्या मॅडमांका काय व्हया ता लिव आणि माका सोड, बाय. माका बियो पलटूच्यो आसत.”

पण संध्याकाळी ते स्वतःच ऑफिसात आले, आणि आम्ही दोन्ही कागद त्यांच्या तोंडून पुन्हा लिहिले. वयनी: ‘अख्ख्या गराच्या डब्यांत पाकळी मिसळलेली दिसल्यावर माल अडवला आणि परत निवडून घेतला. चूक सगळ्यांसमोर सांगितली. ती बाजूला घेऊन सांगावी. नवीन बायकांना प्रतवारी शिकवते, त्यांचा माल स्वतः तपासते. जादा पाळीला एकदा थांबली नाही.’ दादा: ‘दाब वाढल्यावर बॉयलर वेळेत बंद केला. जादा पाळीच्या वेळी दोन-तीनदा लवकर गेला.’ ‘नेतृत्वगुण’ म्हणजे काय केलं, हे बराच वेळ विचार करूनही काकांना आठवेना. ते गाळलं. ‘होतकरू’ही गाळलं. दादाचा कागद एकदम उघडा पडल्यासारखा दिसला आणि मला त्याचं वाईट वाटलं. आम्ही त्याच्यावर अन्याय तर करत नव्हतो?

“शब्द चांगले होते, म्हणून तो काय करतो हे कधी विचारलंच नाही आपण,” मॅडम म्हणाल्या. “काका, आठवलं तर उद्या सांगा.” काका दुसऱ्या दिवशी सांगून गेले, की बॉयलरच्या देखभालीचं वेळापत्रक त्यानेच बसवलंय. तेही घातलं.

सहीसाठी वयनी आल्या. सावकाश वाचलं.

“आवशीसारखी सांभाळतंय, असा काका म्हणालेले. ता खंय गेला?”

“ते... तुम्ही शिकवता, तपासता, असं लिहिलंय.”

“ता तर कामच आसा. ता एकच बरा लिवलेला होता माझ्याबद्दल.”

‘आईसारखी’ वाचून शेटना माया दिसेल, काम दिसणार नाही, म्हणून आम्ही जो शब्द काढला, तोच त्यांना हवा होता. मी मॅडमकडे बघितलं.

वयनींनी पुढे वाचलं, जादा पाळीच्या ओळीवर बोट ठेवलं. “ह्या कोणी लिवल्यान?”

“काकांनी. पण दादाच्याही कागदावर तसंच आहे,” मी घाईने म्हटलं.

“असू दे. खरा आसा ता.” त्यांनी पेन मागितलं. कर्मचाऱ्याच्या अभिप्रायाची जागा बहुतेक जण मोकळी सोडत. त्यांनी तिथे लिहिलं, ‘एसटी चुकते. घरी सोडायला गाडी असेल तर थांबेन.’ सही केली आणि विभागात परत गेल्या.

पुढच्या आठवड्यात शेटचा फोन आला. मॅडम नुसत्या हो, नाही म्हणत होत्या. मी हाताच्या बोटांकडे बघत बसले. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “डब्यांचं विचारत होते. माल परत आला असता तर काय झालं असतं, ते त्यांना कळलंय. आणि गाडीचं भाडं किती पडेल ते विचारलं.”

हंगामापुरत्या वयनी पाळीप्रमुख झाल्या. पुढचं हंगामानंतर ठरणार होतं. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग एकदा चहाच्या वेळी म्हणाला, “शब्द गाळूक कोणी शिकवल्यान तुका?” रागाने म्हणाला की गमतीने, मला अजून नक्की सांगता येत नाही.

नेमकं कशाने ठरलं, आमच्या वाक्यांनी की वयनींच्या त्या एका ओळीने, हे मी प्रकल्पात लिहू शकले नाही. दोनदा लिहून खोडलं. माझ्या शेवटच्या दिवशी जादा पाळी होती. अंधार पडल्यावर घरी सोडायला ठरवलेली जीप फाटकापाशी उभी राहिली. वयनी पुढे बसल्या, आणि मागे आणखी चार बायका चढल्या. त्यांच्या कागदांवर जादा पाळीबद्दल कुणी काहीच लिहिलं नव्हतं, कारण थांबाल का, असं त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.