रामलिंगअप्पांच्या डोक्यावरचे केस

किल्लारीच्या बसस्टँडजवळ रामलिंगअप्पांचं कुकर-मिक्सरचं दुकान आहे. विक्रीही करतात, दुरुस्तीही. वय पंचावन्न, डोक्यावर कायम पांढरी टोपी. तिशीतच टक्कल पडलं, तेव्हापासून घराबाहेर अप्पांची टोपी कुणी उतरलेली पाहिली नव्हती. फोटो काढतानाही नाही.

एका सकाळी कोंडाबाई दुकानात आल्या. शेजारच्या गावच्या, जुन्या गिऱ्हाईक.

"अप्पा, तुमचं तेल मागवलंय म्या. कधी यील?"

"कसलं तेल? शिट्टी न्हाईतर रिंग लागत आसंल कुकरची."

कोंडाबाईंनी मोबाईल पुढं केला. फेसबुकवर केसांच्या तेलाची जाहिरात चालू होती. पडद्यावर अप्पा होते. निळा शर्ट, टोपी नाही आणि डोक्यावर दाट, काळेभोर केस! "मित्रांनो, अवघ्या एकवीस दिवसांत माझ्या केसांची पुनर्वाढ झाली," पडद्यावरचे अप्पा सांगत होते.

अप्पांनी मोबाईल हातात घेतला. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा.

आतून त्यांची बायको सिंधुताई आल्या, त्यांनीही पाहिला. "चांगलं दिसायलाव की," म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"आवाज माझाच हाय," अप्पा म्हणाले, "पण 'पुनर्वाढ' म्या उभ्या जन्मात म्हणलो न्हाई."

मुलगी तनुजा लातूरला कॉम्प्युटरचं शिकते. अप्पांनी फोन लावून सगळं सांगितलं, तशी ती आधी ओरडली, "रिपोर्ट करू नका अजून! जाहिरात गेली की पुरावा बी जातो. आधी स्क्रीन रेकॉर्ड करा. वरच्या तीन ठिपक्यांतून लिंक घ्या. पेजचं नाव लिहून ठेवा."

दुपारच्या बसनं ती आलीच. व्हिडिओ थांबवून थांबवून तिनं दाखवलं. "बाबा, ह्यात तुमचं फक्त भुवईपासून हनुवटीपर्यंत हाय. केस, कान, मान, हात सगळं दुसऱ्या माणसाचं. हे बघा, त्यानं गालावरून हात फिरवला की बोटं क्षणभर गायब होतात. तुमचा चेहरा वरून चिकटवलाय ना."

"पर माझा चेहरा आणला कुठून?"

"कुकरचं गास्केट बदलायचा व्हिडिओ टाकला होता ना आपण दुकानाच्या पेजवर? चार मिनिटं तुम्ही सरळ कॅमेऱ्यात बघून बोललाव, मधून मधून मान वळवलीव. चेहरा बसवायला आणि आवाजाची नक्कल करायला तेवढं पुरतं."

तिनं त्या पेजची माहिती उघडली. पेज तीन आठवड्यांपूर्वीचं. त्याच्या अकरा जाहिराती चालू होत्या, तेल एकच, चेहरे वेगवेगळे. एका बाईंच्या तर कानातलं दर दोन सेकंदांनी बदलत होतं.

मग जाहिरात आणि पेज दोन्ही रिपोर्ट केलं. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, जाहिरातीची लिंक, रेकॉर्डिंग आणि गास्केटचा मूळ व्हिडिओ जोडला. तक्रारीचा क्रमांक आला. दुसऱ्या दिवशी बापलेक लातूरला सायबर पोलिसांकडं जाऊन आले. तिथल्या मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. "ज्यांनी ऑनलाइन पैसे भरलेत त्यांना लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायला सांगा," त्या म्हणाल्या. "ज्यांनी पार्सल आल्यावर पैसे द्यायचं ठरवलंय, त्यांनी पार्सल घेऊच नये."

पण हे लोकांना सांगायचं कसं? दुकानात तर रोज चारदोन जण तेलाची चौकशी करायला येत होते. अप्पा म्हणायचे, "त्यो मी न्हाई." लोक टोपीकडं बघून हसायचे. त्यांना वाटायचं, अप्पा खाली नवे केस लपवायलेत.

दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि तनुजाला म्हणाले, "मोबाईल धर."

गिऱ्हाइकांदेखत त्यांनी टोपी काढली. टक्कल ट्यूबलाइटखाली चमकलं. आवाज खणखणीत होता. "ह्ये माझं खरं डोस्कं. बघा नीट. त्या जाहिरातीत तोंड माझं चोरलंय, केस कुणाचे हायत मलाच ठावं न्हाई. पार्सल आलं तर माघारी धाडा. पैसे भरले आसतील तर १९३० ला फोन लावा."

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ किल्लारीच्या सगळ्या ग्रुपवर फिरला, औसा-निलंग्यापर्यंत गेला. कोंडाबाईंनी पार्सल दारातूनच परत पाठवलं. दुकानात लोक आता व्हिडिओवाले अप्पा बघायला येऊ लागले, आणि आलेच आहेत तर मिक्सरचं भांडंही दाखवू लागले.

जाहिरात उतरली. आठवड्यानं दुसऱ्याच नावाच्या पेजवरून पुन्हा आली. पोलिसांचा तपास अजून चालू आहे, कोण करतं ते सापडलेलं नाही. पण या खेपेला अप्पांना कळायच्या आधीच कोंडाबाईंचा फोन आला.

"अप्पा, परत आलता त्यो केसावाला. लिंक तनुजाला धाडली, मग रिपोर्ट मारला. आमच्या गल्लीतल्या आठ बायांनी बी मारला."

"लई ब्येस केलाव," अप्पा म्हणाले.

"ते ऱ्हाऊ द्या. माझ्या कुकरची शिट्टी व्हईना, ती कवा बघताव?"